कळले, जुळले, टाळले: यमक जुळलं म्हणजे काफिया बसला असं नाही

एकाच दिलेल्या ओळीवर सगळ्यांनी गझल लिहायची, त्या तरहीसाठी ओळ पडली की आमच्या सोलापूरच्या कवीमंडळींत दोनच दिवसांत तोच घोळ सुरू होतो. रदीफ ठरलेला, काफिया ठरलेला, आणि तरीही दर दुसऱ्या गझलेत एखादा शेर असा येतो की वाचताना थबकायला होतं. दाखवून दिलं तर उत्तर ठरलेलं: "यमक जुळतंय की ओ सर, अजून काय पायजे?" यमक जुळतंय हे खरंच आहे. पण गझलेत तेवढ्यावर भागत नाही.

यमक सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. ओळींच्या शेवटी सारखी अक्षरं आली, कानाला बरं वाटलं, झालं. ओवीत, अभंगात, भावगीतात 'कळले'पुढे 'जुळले' आलं तर कुणी हरकत घेत नाही, आणि घेऊही नये. तिथे दोन ओळींचं यमक त्या दोन ओळींपुरतं असतं. पुढच्या कडव्यात नवं यमक, नवा डाव.

रदीफही सोपा. काफिया म्हणजे यमकाचा शब्द, आणि त्यानंतर जे शब्द जसेच्या तसे परत येतात तो रदीफ. त्याविना गझल होऊ शकते, आणि असला तर त्यातला एक काना बदलायची मुभा नाही. हे कुणाचं चुकत नाही.

चुकतं ते काफियात, आणि तिथेही एकाच जागी. काफियाच्या सारख्या अक्षरांच्या अगदी आधी जो स्वर येतो, तोही सारखाच राहावा लागतो. त्याला अलामत म्हणतात. ही अलामत शब्दकोशातून किंवा आपल्या कानावरून ठरत नाही, ती मतल्याच्या, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेराच्या, दोन ओळी ठरवतात. एकदा ठरली की शेवटच्या शेरापर्यंत तीच.

उदाहरणासाठी हा साधा मतला घेऊ. तरहीत मिळालाय असं समजा, म्हणजे त्याला हात लावायचा नाही.

दुःख कुणाला कळले नाही
पाऊल घरी वळले नाही

रदीफ 'नाही'. त्याआधी 'कळले' आणि 'वळले'. दोन्हींत सारखं काय, ते शेवटाकडून मागे मोजत जायचं. 'ले' सारखा, 'ळ' सारखा, त्याआधी 'क' आणि 'व' आले, म्हणजे व्यंजन बदललं. पण त्या 'क'मध्ये आणि 'व'मध्ये दडलेला स्वर दोन्हीकडे 'अ' आहे. तीच इथली अलामत. म्हणजे बांधून आलेला भाग 'ळले' एवढाच नसून 'अळले' आहे.

घोटाळा नेमका या 'अ'मुळे होतो. इतर स्वरांना चिन्ह असतं: काना, वेलांटी, उकार, मात्रा. 'अ'ला काहीच नाही. अलामत म्हणजे स्वराची खूण एवढं ऐकलेला माणूस 'कळले'कडे बघतो, त्याला खूण दिसत नाही, आणि तो समजतो की इथे अलामत नाहीच, 'ळले' आलं की पुरे. मग तो असा शेर लिहितो:

धोटा फिरला रात्रभराचा
सूत कुणाचे जुळले नाही

सोलापुरात मागावरचा धोटा आणि 'सूत जुळणे' यांचा मोह कुणाला होणार नाही? शेर वाईट नाही. मात्रा मोजा, दोन्ही ओळी सोळा-सोळा. 'जुळले'च्या मात्रा चार, 'कळले'च्याही चार, त्यामुळे वृत्त मुळीच ओरडत नाही. पण 'जु'मध्ये उकार आहे, आणि मतल्याने 'अ' सांगितलाय. अलामत भंगली, शेर बाद. 'गिळले' आणि 'पिळले' याच जातीचे. मात्रांत चपखल, स्वरात चूक. हे सगळ्यात फसवे, कारण त्यांना पकडणारी दुसरी चाळणीच नाही.

'टाळले', 'पाळले', 'खेळले', 'पोळले' हे निदान स्वतःहून पकडून देतात. 'कळले'त चार मात्रा आहेत, 'टाळले'त पाच. कुणी लिहितं:

मरण कधीच टाळले नाही

मोजली तर सोळाच भरते, आणि लिहिणारा बोटं दाखवून भांडतो. पण मूळ ओळी चार-चारच्या पावलांनी चालतात: दुःख कु, णाला, कळले, नाही. इथे 'मरण क' झालं की पुढे 'धीच टा' पाच मात्रांचं होतं आणि चाल अडखळते. गुणगुणताना अशी ठेच लागली की आधी काफियाकडे बघावं. पुष्कळदा आकारी किंवा एकारी शब्द घुसलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'जुळले' किंवा 'खेळले' हे शब्द जन्मतः चुकीचे नाहीत. समजा मतल्याची दुसरी ओळ 'पाऊल घरी फिरले नाही' अशी असती. 'कळले' आणि 'फिरले' यांत सारखा फक्त 'ले'. त्याआधी 'ळ' आणि 'र', दोन्हींत 'अ'. अलामत तोच 'अ', पण एक घर पुढे सरकलेला. आता 'जुळले' बिनतक्रार चालेल, 'सुचले', 'दिसले', 'हसले', सगळे चालतील. स्वरापुरतं 'खेळले'ही चालेल, फक्त त्याची जादा मात्रा सांभाळावी लागेल. चालणार नाहीत ते 'आले', 'गेले', 'झाले', कारण त्यांच्यात 'ले'च्या आधी आ किंवा ए येतो. म्हणून 'अमुक शब्द तमुकचा काफिया आहे का?' असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो: मतला काय आहे? त्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि जे देतात त्यांचं ऐकू नये.

मग मतला बांधून आलेला असताना शब्द शोधायचे कसे? यमकांच्या तयार याद्या फिरत असतात, त्या मला मुळीच आवडत नाहीत. त्यांत 'कळले, जुळले, टाळले' एकाच रांगेत असतात आणि घोळाची सुरुवातच तिथून होते. त्यापेक्षा 'अळले' कागदावर लिहा आणि त्यामागे क पासून एकेक व्यंजन लावत जा. कळले, खळले, गळले, चळले, छळले, जळले, टळले, ढळले, तळले, दळले, फळले, मळले, वळले. 'प'पाशी थांबा: 'पळले' असं रूप प्रमाण मराठीत नाही, 'पळाले' आहे. 'खळले' मात्र सोडू नका. डोळ्यांतलं पाणी खळत नाही म्हणतो, तेच खळणं. गझलेत तो शब्द फार कमी दिसतो.

हे झाले चार मात्रांचे. खरा खजिना लांब शब्दांत आहे: कोसळले, ओघळले, मावळले, अडखळले, दरवळले, हळहळले, तळमळले, विरघळले. हे सगळे सहा मात्रांचे. गंमत अशी की त्यांच्या शेवटच्या चार मात्रा बरोबर 'कळले'च्या जागी बसतात, फक्त आधीच्या भागातून दोन मात्रा काढून द्याव्या लागतात:

छप्पर का कोसळले नाही

'छप्पर', 'का को', 'सळले', 'नाही'. पाच मात्रांचे शब्द (उजळले, मिसळले, उधळले, निखळले) आधीच्या पावलाकडून एकच मात्रा मागतात, म्हणून त्यांच्याआधी तीन मात्रांचा शब्द ठेवावा: 'अंगण पुन्हा उजळले नाही'. इथे 'आभाळ पुन्हा' लिहिलं की एक मात्रा वाढलीच.

लांब शब्दांतही तीच चाळणी लावायची. 'सांभाळले', 'ओवाळले', 'कुरवाळले', 'न्याहाळले' सुंदर शब्द आहेत, पण चारही आकारी, म्हणून इथे बाद. 'डहुळले' उकारी, तोही बाद.

शब्द मिळाला की लगेच शेर लिहायला धावू नका, कारण एक अडचण रदीफात दडलेली असते. 'नाही' एकवचनी आहे. 'ळले' हे रूप नपुंसकलिंगी एकवचनालाही येतं आणि पुल्लिंगी अनेकवचनालाही. 'डोळे वळले' म्हटलं की पुढे 'नाहीत' हवं. 'अश्रू खळले नाही' असं सर्रास लिहिलं जातं आणि दादही घेऊन जातं. माझ्या लेखी ते चूकच आहे. रदीफासाठी व्याकरण मोडायची सवलत कुणी दिली? 'पाणी खळले नाही' लिहा. म्हणजे या काफिया-रदीफाच्या जमिनीत शेराचा कर्ता शोधताना आधी नपुंसकलिंगी एकवचनी नामं काढायची: पाणी, मन, घर, स्वप्न, आभाळ, सूत. किंवा मग 'मला कुणीही छळले नाही' अशी रचना करायची, जिथे क्रियापद कुणाशीच जुळत नाही. काफियांची यादी आणि ही नामांची यादी शेजारी शेजारी ठेवली की अर्धे शेर तिथेच दिसू लागतात.

धोट्याचा शेर असाच सोडवता येतो. 'जुळले' गेलं, म्हणजे 'सूत जुळणे'ही गेलं. त्याच्याच जागी दुसरा शब्द कोंबण्यात अर्थ नाही. 'सूत कुणाचे जळले नाही' म्हणजे मागावर आग लागायची राहिली एवढंच. कल्पनाच बदलावी लागते. मागाजवळ रात्रभर उभ्या माणसाचं काय मळतं आणि काय मळत नाही, असं विचारलं तर:

धोटा थकला, पहाट झाली
स्वप्न तरीही मळले नाही

'स्वप्न' नपुंसकलिंगी एकवचनी, 'मळले'त 'अ', मात्रा सोळा.

तरही नसेल आणि मतला तुमचाच असेल, तर उलट बाजूनेही सावध राहा. 'मावळले नाही' आणि 'आवळले नाही' असा मतला बांधलात, तर सारखी अक्षरं 'वळले' आणि त्याआधी दोन्हीकडे 'आ'. काटेकोर वाचणारा (मी त्यातलाच) मग प्रत्येक शेरात 'आवळले' मागणार, आणि तसे शब्द तुम्हाला फारसे सापडणार नाहीत. मतल्यातली एक ओळ 'मावळले'ची ठेवा आणि दुसरी 'जळले'ची. 'मावळले'त शेवटच्या 'ळले'आधी 'व'मधला 'अ' आहे, 'जळले'त 'ज'मधला. वरची सगळी यादी पुन्हा मोकळी होते.