अबॅकस आणि वैदिक गणित: शिकवणी सुरू करण्यापूर्वी समजून घ्यायचा फरक

‘अबॅकस व वैदिक गणित’ असे एकाच फलकावर लिहिलेले असल्यामुळे अनेक पालक, आणि नव्याने वर्ग सुरू करणारे काही शिक्षकही, या दोन्हींना एकाच विषयाचे दोन भाग समजतात. प्रत्यक्षात आकडेमोड जलद होणे एवढेच त्यांच्यातील साम्य आहे. अबॅकस हे पाढे पाठ नसलेल्या मुलालाही हाताळता येणारे साधन आहे, तर वैदिक गणित म्हणून शिकवल्या जाणाऱ्या रीती पाढे, वजाबाकी आणि स्थानिक किंमत पक्की असल्याशिवाय उपयोगी पडत नाहीत. शिक्षकाची तयारी, बॅचची रचना आणि पालकांना काय सांगायचे, हे सारे या फरकावर अवलंबून आहे.

आपल्याकडील वर्गांत बहुधा जपानी सोरोबानच्या धर्तीची चौकट वापरतात. तिच्या प्रत्येक दांडीवर आडपट्टीच्या वर पाच किमतीचा एक मणी आणि खाली एक किमतीचे चार मणी असतात. सहा मांडायचे तर वरचा एक आणि खालचा एक मणी पट्टीला लावायचा. आता त्यात सात मिळवायचे आहेत. दांडीवर सातांना जागा नाही, म्हणून दशकाच्या दांडीवर एक मणी चढवून एककातून तीन काढावे लागतात. परंतु खाली एकच मणी चढलेला असल्यामुळे तीनही थेट काढता येत नाहीत. तेव्हा पाचाचा मणी उतरवून खालचे दोन चढवायचे आणि दशकात एक मिळवायचा, उत्तर तेरा. पाचाची पूरके आणि दहाची पूरके, म्हणजे बेरीज पाच किंवा दहा होणाऱ्या संख्यांच्या जोड्या, स्वतंत्रपणे शिकलेले मूल नेमके येथे अडते, कारण दोन्ही एकाच वेळी वापरायची असतात. उत्तर अठरा आले तर पाचाचा मणी उतरवायचा राहिला, आणि तीन आले तर दशकाचा मणी चढवायचा राहिला, असे शिक्षकाला केवळ उत्तरावरून सांगता आले पाहिजे.

वैदिक गणिताच्या चुका वेगळ्या प्रकारच्या असतात. हा विषय पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांनी मांडला आणि त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, 1965 साली प्रसिद्ध झाले. त्यातील सोळा सूत्रे आज उपलब्ध असलेल्या वेदवाङ्मयात सापडत नाहीत, हे पालकांनी विचारल्यास स्पष्ट सांगावे. रीतींची उपयुक्तता त्यांच्या बीजगणितावर उभी आहे. ‘निखिलं’ या सूत्राने 98 × 97 करताना शंभरापासूनची तूट 2 आणि 3 घेतात. 98 मधून 3 वजा केल्यावर 95, तुटींचा गुणाकार 06, म्हणून उत्तर 9506. येथे शून्य न लिहिता 956 लिहिणे ही पहिली सर्रास दिसणारी चूक होय. दुसरी चूक 88 × 87 मध्ये होते: तुटी 12 आणि 13, डावीकडे 75, उजवीकडे 156, शंभराचा हातचा डावीकडे नेऊन 7656 लिहिण्याऐवजी मूल 75156 लिहिते.

अनेक वर्गांत उत्तराची पडताळणी अंकांची बेरीज करून, म्हणजे बीजांक काढून, शिकवतात. परंतु 956 आणि 9506 यांचा बीजांक 2 असा एकच आहे आणि 75156 व 7656 यांचाही 6 असा एकच आहे. म्हणजे सर्वाधिक घडणाऱ्या या दोन्ही चुका त्या पडताळणीतून निसटतात. म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी अंदाज करण्याची सवय लावणे मला बीजांकापेक्षा महत्त्वाचे वाटते: 90 गुणिले 90 म्हणजे 8100, त्यामुळे 88 × 87 चे उत्तर त्याहून कमीच असले पाहिजे.

शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा विचार याच चुकांपासून सुरू करावा. अबॅकस शिकवणाऱ्याने प्रत्येक पातळी स्वतः चौकटीवर पूर्ण केलेली असावी. खालचे मणी अंगठ्याने चढवणे, तर्जनीने उतरवणे आणि वरचा मणी तर्जनीने हलवणे ही सवय शिक्षकाच्या हातात नसेल तर ती मुलांच्या हातात येत नाही. एका लयीत संख्या सांगणे हेही स्वतंत्र कौशल्य आहे, आणि मराठीत ते अधिक कठीण जाते: ‘त्रेपन्न’ ऐकताना तीन आधी कानी पडतात, तर मणी मात्र आधी पन्नासाचे चढवायचे असतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील ‘पन्नास तीन’ या वाचनावरून 2019 मध्ये मोठा वाद झाला होता. त्या वादात कोणाचीही बाजू घेतली तरी अबॅकसच्या पहिल्या काही महिन्यांत संख्या सावकाश सांगाव्यात आणि सांगण्याची पद्धत मध्येच बदलू नये, हे खरे. वैदिक गणिताच्या शिक्षकाची परीक्षा मात्र निराळी असावी. (100 – अ) × (100 – ब) याचा विस्तार करून वरची रीत का चालते हे त्याला दाखवता यावे, आणि 43 × 38 ला ती का लावू नये हेही सांगता यावे. तेथे तुटी 57 आणि 62 येतात, म्हणजे मूळ गुणाकाराहून अवघड गुणाकार हाती उरतो.

बॅच ठरवताना अबॅकसची मुले इयत्तेनुसार न घेता पातळीनुसार बसवावीत, आणि एका शिक्षकाला सर्वांची बोटे दिसतील एवढीच, म्हणजे आठ ते दहा, मुले घ्यावीत. पहिली-दुसरीच्या मुलांना आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा दोनदा एकेक तास बोलावणे योग्य, कारण मध्ये पडणारा खंड कमी राहतो. चौकट दूर करून मनात मणी पाहण्याचा सराव घाईने सुरू केल्यास मूल बाकाखाली बोटे मोजू लागते. तसे दिसताच चौकट पुन्हा समोर ठेवावी. वैदिक गणितासाठी चौथीची अखेर ही मला योग्य वेळ वाटते. येथे मुले वहीवर काम करतात, त्यामुळे पंधरा मुलांचा गट चालतो आणि तो इयत्तेनुसार केला तरी अडचण येत नाही. मात्र प्रवेशापूर्वी दहापर्यंतचे पाढे उलटसुलट विचारून पाहावेत. दोन्ही विषय एकाच बॅचमध्ये एकाच वेळी शिकवू नयेत, कारण एकीकडे बोटांची सवय बसत असताना दुसरीकडे रीतीची निवड करायला सांगितली तर लहान मूल दोन्हीकडून गोंधळते.

पालकांशी बोलताना प्रवेशाच्या दिवशीच दोन गोष्टी लेखी द्याव्यात. पहिली अशी की, आकडेमोड जलद झाली म्हणजे शाब्दिक उदाहरणे आपोआप सुटू लागत नाहीत. कोणती क्रिया करायची हे ओळखणे वेगळे शिकावे लागते. दुसरी अशी की, शाळेच्या उत्तरपत्रिकेत शाळेच्या मांडणीप्रमाणेच पायऱ्या लिहाव्यात. अबॅकसवर बेरीज डावीकडून होते आणि वहीत हातचा घेत उजवीकडून, म्हणून मुलाला दोन्ही येत असल्याची खात्री शिक्षकाने मधूनमधून करावी. शिष्यवृत्ती परीक्षेत मात्र पर्यायांतून उत्तर निवडायचे असल्यामुळे तेथे या रीती मोकळेपणाने वापरता येतात.

त्यानंतरचे निरोप छोटे आणि नेमके असावेत. ‘प्रगती चांगली आहे’ असे लिहिण्यापेक्षा पुढीलप्रमाणे लिहिणे बरे: ‘या आठवड्यात सहामध्ये सात मिळवताना पाचाचा मणी उतरवायचा राहतो आहे. घरी रोज पंधरा मिनिटे चौकटीवर हीच दहा उदाहरणे करून घ्यावीत. वेळ मोजू नये आणि पाहुण्यांसमोर उत्तरे विचारू नयेत.’ असा निरोप मिळालेला पालक पुढच्या वेळी ‘कितवी पातळी झाली’ असे न विचारता पाचाचा मणी आता उतरतो का, असे विचारतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला मुलाच्या वहीत पाहून तिथल्या तिथे देता येते.