स्मृतिखुणांवरचे भाषण

स्लाइडांचे सादरीकरण आटवून, मुद्द्यांची चित्रे ओळखीच्या जागांवर मनात मांडून केलेले भाषण. ही रीत प्राचीन ग्रीक-रोमन वक्तृत्वशिक्षणातून आली. इ.स.पू. पहिल्या शतकातील ‘रेटोरिका अ‍ॅड हेरेनियम’ या अज्ञातकर्तृक लॅटिन ग्रंथात तिचे सविस्तर नियम आहेत: जागा एकमेकींसारख्या नसाव्यात, उजेड बेताचा असावा, चित्रे हलती आणि ठसठशीत असावीत, दर पाचव्या जागेवर खूण करावी.

समजा, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत गच्चीवरील सौर पॅनेलविषयी 24 स्लाइड आहेत आणि वेळ 12 मिनिटे. प्रत्येक स्लाइड काय सांगते ते एका पूर्ण वाक्यात लिहावे. ज्या स्लाइडचे वाक्य होत नाही ती बहुधा पुरावा किंवा सजावट असते. पुरावा संबंधित वाक्याखाली घ्यावा, सजावट सोडून द्यावी. उरलेली वाक्ये एकत्र केली की इथे सहा विधाने राहतात: सामायिक वीजबिल वाढते आहे, सावली न पडणारी जागा पुरेशी आहे, खर्च निधीतून भागतो, जादा वीज नेट मीटरिंगने बिलात वळती होते, देखभाल सोपी आहे, आज ठराव हवा.

आता वक्त्याने स्वतःच्या घरातला चालण्याचा क्रम घ्यावा आणि वाटेतल्या प्रत्येक जागी एकेका विधानाचे चित्र मनात ठेवावे. दारात लांबलचक बिल अडकून दार उघडत नाही. चपलांच्या कपाटावर चपला ऊन शोधत सरकतात. सोफ्यावर खजिनदार नोटा मोजतात. देवघरात मीटर उलटा फिरतो. ओट्यावर कुणी पॅनेल घासते. बाल्कनीत सगळे हात वर करून उभे असतात. संस्थेची गच्ची इथे मुद्दाम टाळली आहे, कारण जी जागा भाषणाचाच विषय आहे तिथे चित्र आणि मजकूर एकमेकांत मिसळतात.

चित्र विधानाचे हवे, शब्दांचे नव्हे. शब्दन्‌शब्द पाठ केला की एक शब्द निसटताच पुढची ओळ सापडत नाही. नेमके पाठ करावे ते फक्त पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि एका जागेवरून दुसरीकडे नेणारी जोडवाक्ये. विसर पडतो तो बहुतेक याच सांध्यांवर. आकडे दोन-तीनच बोलावेत आणि तेही ढोबळ करून. बाकीचा तक्ता छापून वाटावा.

सराव सुरुवातीपासून, शेवटाकडून उलट आणि मध्येच एखाद्या जागेवरून असा तिन्ही प्रकारे करावा. मधून सुरू करता आले नाही तर मजकूर जागांवर बसलेला नाही, केवळ ओळीने पाठ झाला आहे असे समजावे. एकच जागा वारंवार सुटत असेल तर तिचे चित्र निर्जीव आहे किंवा शेजारच्या चित्रासारखे आहे, ते बदलावे. सोफ्यावरचा मुद्दा संपेपर्यंत सहा मिनिटांहून फार जास्त वेळ गेला असेल, तर पुढच्या मुद्द्यांतले दाखले कापावेत, मुद्दा नव्हे. तोच मार्ग लगेच दुसऱ्या भाषणाला वापरला तर जुनी चित्रे मध्ये येतात, म्हणून नेहमी बोलणारे दोन-तीन मार्ग आळीपाळीने वापरतात. गच्चीचा नकाशा मात्र शब्दांत मावत नाही. तो कागदावरच दाखवावा लागतो.