निर्यातीचा माल वाटेत खराब झाला, तर दावा कोणावर आणि कसा करायचा

समजा, वाळूजच्या कारखान्यातून यंत्रभागांचा ५०० किलोचा क्रेट निघाला. कंटेनर माळीवाड्याच्या आयसीडीतून, म्हणजे बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून, रेल्वेने न्हावा शेवाला गेला, पुढे जहाजाने हॅम्बर्गला. तिथे खरेदीदाराने क्रेट उघडला तर सुटे भाग गंजलेले.

अशा वेळी पहिला फोन बहुधा सीएचएला जातो, कारण ओळख त्याचीच असते. पण सीएचए, म्हणजे कस्टम्स ब्रोकर, माल वाहून नेत नाही. तो तुमच्या अधिकारपत्रावर शिपिंग बिल भरतो, तपासणी करून घेतो. त्याच्या हलगर्जीने नुकसान झालं असेल तेवढ्यापुरताच तो जबाबदार.

खरी गफलत फॉरवर्डरपाशी, म्हणजे वाहतुकीची व्यवस्था लावणाऱ्यापाशी, होते. त्याने दिलेला कागद काढा आणि सहीच्या खाली काय लिहिलंय ते बघा. नुसतं 'एजंट म्हणून' असेल, तर साधारणपणे त्याने फक्त जागा बुक केली, आणि दावा बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या पावतीवर, वाहक म्हणून असलेल्या शिपिंग लाइनवर जातो. पण त्याने स्वतःच्या नावाने मल्टिमोडल, म्हणजे रेल्वे-जहाज अशा सगळ्या टप्प्यांचा मिळून एकच, दस्तऐवज दिला असेल, तर १९९३ च्या मल्टिमोडल कायद्याप्रमाणे माल ताब्यात घेतल्यापासून पोचवेपर्यंतची जबाबदारी त्याची. रेल्वेचं नाव पुढे करून त्याला सुटता येत नाही. त्याची डीजी शिपिंगकडची नोंदणी माल देण्याआधीच तपासावी.

दावा करण्याचा हक्क दस्तऐवजावरच्या कन्साइनीचा, म्हणजे माल ज्याच्या नावे पाठवला त्याचा, किंवा पृष्ठांकनाने तो ज्याच्याकडे गेला त्याचा. सीआयएफ सौद्यात, म्हणजे जहाजभाडं आणि विमा विक्रेता भरतो अशा सौद्यात, जहाजावर माल चढल्यावर जोखीम खरेदीदाराकडे जाते, म्हणून वाहकाला लेखी नोटीस खरेदीदारानेच द्यावी असं त्याला सांगा. मल्टिमोडल दस्तऐवज असेल, तर वरून दिसणाऱ्या नुकसानीची नोटीस ताबा घेतानाच, आत दडलेलं असेल तर सहा दिवसांत. त्या दस्तऐवजावरच्या दाव्याची मुदत नऊ महिने. बोलणी चालू आहेत म्हणून ती आपोआप वाढत नाही, आणि इथेच कितीतरी दावे बुडतात.

नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेयर येईपर्यंत पॅकिंग फेकू नये. तो सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करतो: क्षार सापडले तर समुद्राचं पाणी शिरल्याचा संशय बळावतो. नाही सापडले, तर पावसाचं पाणी किंवा कंटेनरच्या आत साचलेला दमटपणा. कंटेनर तुम्हीच भरला, सील शाबूत आणि छताला भोक नाही, असं निघालं तर वाहक तुमच्या पॅकिंगवर बोट ठेवणार, आणि बरेचदा त्याचं बरोबर असतं.

नुकसान कोणत्या टप्प्यात झालं ते कळलं नाही आणि मालाची किंमत दस्तऐवजात नोंदवलेली नसेल, तर मल्टिमोडल कायद्यात भरपाईला मर्यादा आहे, आणि ती एसडीआर या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशोबी एककात मोजतात: किलोमागे २ एसडीआर किंवा पॅकेजमागे ६६६.६७ एसडीआर, यातलं जास्त असेल ते. आपल्या क्रेटला १००० एसडीआर, म्हणजे लाखभर रुपयांच्या थोडं वर. माल नऊ लाखांचा असला तरी तेवढंच. म्हणून मरीन विमा हवाच.

दाव्याला जोडायचे कागद: मल्टिमोडल दस्तऐवज किंवा बिल ऑफ लेडिंग, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, ई-सीलचा क्रमांक, कंटेनर भरतानाचे आणि उघडतानाचे फोटो, सर्व्हे रिपोर्ट, नोटिशीची पोच. विमा कंपनीने पैसे दिले की वाहकावरचा दावा ती चालवते. पण नोटीस वेळेत दिलेली नसेल, तर तिचा हक्क तुमच्यामुळे बुडाला म्हणून ती तुमचाच क्लेम अडवू शकते.