सिंक स्पीड, नॉइज मार्जिन आणि फोनमागची छोटी डबी

तांब्याच्या टेलिफोन लाइनवर चालणारं ब्रॉडबँड मंदावलं की बहुतेक जण स्पीड टेस्ट चालवतात. तिथे दिसणाऱ्या आकड्यात वायफाय, संगणक आणि पलीकडचा सर्व्हर या सगळ्यांचा वाटा असतो, लाइनबद्दल त्यातून फारसं कळत नाही. लाइनची खरी स्थिती मॉडेमच्या स्टेटस पानावर असते. बहुतेक मॉडेममध्ये हे पान 192.168.1.1 या पत्त्यावर उघडतं. काही मॉडेममध्ये टेलनेटने आत जाऊन `xdslctl info --stats` ही आज्ञा दिली की अशा ओळी दिसतात:

```
Bearer: 0, Upstream rate = 1021 Kbps, Downstream rate = 8190 Kbps
            Down     Up
SNR (dB):   10.0     12.1
Attn(dB):   38.0     22.3
```

`Downstream rate` म्हणजे सिंक स्पीड, म्हणजेच एक्स्चेंजमधलं यंत्र आणि घरातला मॉडेम यांच्यात ठरलेला वेग. डेटाची पाकिटं बांधण्यात त्याचा काही भाग खर्च होतो, त्यामुळे 8190 च्या सिंकवर डाउनलोड साधारण 7 एमबीपीएसच्या आसपास मिळतं. इथे लाइनचा काही दोष नसतो.

`SNR` या नावाखाली दिसणारा आकडा प्रत्यक्षात मार्जिन असतो, आणि इथे बरेच जण फसतात. लाइनवर सिग्नल गोंगाटापेक्षा किती मोठा आहे हे तो सांगत नाही. सध्याचा वेग टिकवायला जेवढी स्वच्छता लागते, तिच्यावर किती शिल्लक उरली आहे हे तो सांगतो. 10 डेसिबल मार्जिन म्हणजे गोंगाट आणखी 10 डेसिबलने वाढला तरी चुकांचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेत राहील. ही मर्यादा एक कोटी बिटांमागे एक चुकीचा बिट अशी धरतात. 3 डेसिबल वाढ म्हणजे गोंगाटाची शक्ती दुप्पट, 6 डेसिबल म्हणजे चौपट.

सिंक आणि मार्जिन हे दोन्ही आकडे एकत्रच वाचायचे असतात, आणि त्याचं कारण एडीएसएलच्या, म्हणजे तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड चालवणाऱ्या तंत्राच्या, रचनेत आहे. एडीएसएल2+ मध्ये 2.2 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा 4.3125 किलोहर्ट्झच्या 512 कप्प्यांत विभागलेला असतो. जुळणी होताना, म्हणजे एक्स्चेंजशी वेग ठरवताना, मॉडेम प्रत्येक कप्पा तपासतो आणि तो जितका स्वच्छ असेल तितके बिट त्यात भरतो, जास्तीत जास्त 15. एक बिट जास्त भरायला सुमारे 3 डेसिबल लागतात. वरच्या उदाहरणात `Attn` च्या ओळीप्रमाणे सिग्नल वाटेत 38 डेसिबल क्षीण होतो, म्हणजे एक्स्चेंजपासून अंदाजे पावणेतीन किलोमीटर. एवढ्या अंतरावर वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेतच विरतात आणि डाउनलोडसाठी साधारण 270 कप्पे उपयोगी उरतात. प्रत्येक कप्पा सेकंदाला 4000 वेळा वापरला जातो. 270 गुणिले 4000, म्हणजे 3 डेसिबल मार्जिनच्या बदल्यात या लाइनवर सुमारे 1 एमबीपीएस मिळतो किंवा जातो.

म्हणून आधी पाहायचं ते हे, की प्लॅनने वेग बांधलेला आहे का. बांधलेला असेल, तर सिंक कायम 8190 दिसतं आणि लाइन सुधारली की बिघडली हे फक्त मार्जिनवरून कळतं. वेग मोकळा असेल, तर मॉडेम साधारण 6 डेसिबल शिल्लक ठेवून बाकी सगळं वेगात घालतो. अशा लाइनवर जुळणीच्या वेळी मार्जिन 6 दिसणं अगदी ठीक आहे आणि तिचा कस सिंकवरून कळतो. मात्र सिंकचा आकडा जुळणीच्या क्षणाचा असतो, मार्जिन आत्ताचं असतं. दुपारी जुळलेल्या लाइनचं मार्जिन रात्री घसरलेलं दिसतं, कारण रात्री मध्यम लहरींची दूरची केंद्रंही आकाशातून परतून येतात आणि आपली तार अँटेनासारखी ती पकडते. जवळचं केंद्र तर दिवसाही लागतं: पुणे आकाशवाणीचे 792 किलोहर्ट्झ 184 व्या कप्प्याजवळ येतात.

आता फोनमागच्या छोट्या डबीकडे, म्हणजे फिल्टरकडे वळू. त्याच तारेवरून आवाजही जातो, 4 किलोहर्ट्झच्या खाली. एडीएसएल सुमारे 25 किलोहर्ट्झपासून वर चालतं. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, पण टेलिफोनचं यंत्र येतं. रिसीव्हर खाली असताना लाइनवर सुमारे 48 व्होल्ट असतात, उचलला की ते दहाच्या आसपास येतात. फोनच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर उंच फ्रिक्वेन्सींना जवळजवळ शॉर्ट करतात, आतले डायोड त्यांची सरमिसळ करून नवा गोंगाट तयार करतात. जुळणीच्या वेळी मोजलेली लाइन त्या क्षणी वेगळीच होऊन बसते. बेल वाजताना 25 हर्ट्झचे 75 व्होल्ट तारेवर येतात आणि रिंग तुटताना जोराचा झटका बसतो. फोन आला की नेट जातं, ते यामुळे.

मायक्रोफिल्टरमध्ये तारेच्या दोन्ही अंगांना गुंडाळ्या आणि मध्ये कपॅसिटर असतात. आवाज पार होतो, वरचं सगळं अडतं, आणि मॉडेमच्या दृष्टीने फोन लाइनवर नसल्यासारखाच होतो. मॉडेमसोबत मिळणारा स्प्लिटर हेच काम करतो. त्याची तीन तोंडं नीट वाचा: `LINE` ला भिंतीतली तार, `PHONE` ला फोन, `MODEM` ला मॉडेम. मॉडेम चुकून `PHONE` मध्ये गेला तर फोन चालतो, सिंक मात्र होत नाही.

आपल्या घरांतली सर्वात नेहमीची चूक पॅरलल फोनची असते. हॉलमध्ये स्प्लिटर व्यवस्थित लावलेला असतो, पण आतल्या खोलीत गेलेली तार रोझेट या भिंतीवरच्या जोडडबीवरूनच, म्हणजे स्प्लिटरच्या आधी, काढलेली असते. तो एक उघडा फोन सगळी मेहनत वाया घालवतो. कॉलर आयडीची डबी, फॅक्स, अलार्म यांनाही प्रत्येकी फिल्टर हवा. नुसती लोंबकळत सोडलेली तारही निरुपद्रवी नसते: 30 मीटरच्या उघड्या तुकड्यावरून परतलेली लहर 1.6 मेगाहर्ट्झच्या आसपास मूळ सिग्नलला मारते, आणि जवळच्या घरांत ते कप्पे कामाचे असतात.

तपासणी अशी करावी. रोझेटवरून बाकी सगळ्या तारा सोडवा आणि बाहेरून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरला फक्त मॉडेम जोडा. दहा मिनिटांनी सिंक, मार्जिन आणि `CRC` चुकांचा, म्हणजे बिघडून आलेल्या डेटाचा, आकडा लिहून ठेवा. मग स्प्लिटर आणि एक फोन लावा, रिसीव्हर उचला आणि पान ताजं करा. फिल्टर चांगला असेल तर मार्जिन 10 वरून 9.5 वगैरे होईल. ते 3 वर कोसळलं आणि `CRC` भराभर वाढू लागलं, तर तोच फिल्टर किंवा त्याआधीची फांदी दोषी. फिल्टर बदलून पुन्हा पाहा, विजेच्या झटक्याने आणि ओलीने ते खराब होतात. फोनमध्ये सतत खरखरीचा सूर येत असेल तर त्या फोनला फिल्टर नाही किंवा तो गेलेला आहे. मग एकेक करून बाकीचे फोन जोडा. एका फोनमागे दोन फिल्टर लावू नका, आवाज बसतो.

सगळ्या तारा सोडवूनही मार्जिन वरखाली होत असेल, विशेषतः पावसात, तर दोष घराबाहेर आहे: बहुधा डीपीच्या, म्हणजे जिथून घराघरांत तारा फुटतात त्या, डबीत ओल गेलेली असते किंवा ड्रॉप वायरचा जोड गंजलेला असतो. तक्रार देताना लाइनमनला फक्त मॉडेम जोडून घेतलेले आकडे वेळेसकट द्या. घरातली वायरिंग सुटी करून मोजलंय, हे त्याला लगेच कळेल आणि तो थेट डीपीवर जाईल.