एक सूत म्हणजे एक फूट, की १:१००?

ठाणे-नवी मुंबईत फ्लॅटचं काम काढलं की हातात दोन जातींचे नकाशे येतात. महापालिकेकडे सादर झालेला नकाशा मीटरमध्ये असतो आणि कोपऱ्यात १:१०० लिहिलेलं असतं. इंटिरियरवाल्याचा किंवा जुन्या वळणाच्या आर्किटेक्टचा नकाशा फुटात असतो, आणि त्यावर १/८ इंच = १ फूट असं असतं. कागदावर दोन्ही खोल्या साधारण सारख्याच आकाराच्या दिसतात. घोळ इथेच सुरू होतो.

इंचाचा आठवा भाग म्हणजे सुताराचं एक सूत. म्हणजे दुसऱ्या नकाशाचं प्रमाण सुताराच्या भाषेत ‘एक सूत म्हणजे एक फूट’. एका फुटात १२ इंच, प्रत्येक इंचात ८ सूत, एकूण ९६. हा नकाशा १:९६ आहे, १:१०० नाही. फरक चार टक्क्यांचा आहे, आणि तो इतका थोडा आहे म्हणूनच धोक्याचा. स्केलपट्टीच्या प्रत्येक कडेवर वेगळं प्रमाण असतं; १:५०चा नकाशा तिच्या १:१००च्या कडेने मोजला तर दहा फुटांची खोली वीस फुटांची होते, आणि असली चूक कुणालाही दिसते. चार टक्के मात्र कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

माझ्या बाबतीत तेच झालं. घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटचा ताबा मिळायला अवकाश होता, म्हणून भिंतभर कपाटाचं माप मी नकाशावरूनच काढलं. त्या भिंतीवर आकडा लिहिलेला नव्हता. माझ्याकडे फक्त मीटरवाली त्रिकोणी स्केलपट्टी होती. १:१००ची कड लावली, ३.८१ मीटर वाचलं, म्हणजे साडेबारा फूट. प्लायवूड त्या मापाने कापून झालं आणि ताबा मिळाल्यावर मिस्त्रींनी टेप लावली. “साहेब, भिंत बारा फुटांचीच आहे. कपाट दारात येतंय.”

हिशेब असा. बारा फुटांची भिंत त्या कागदावर बारा सूत, म्हणजे दीड इंच, म्हणजे ३८.१ मिलिमीटर. १:१००च्या कडेवर हेच अंतर ३.८१ मीटर दाखवतं. खरी भिंत ३.६६ मीटर. दर बारा फुटांमागे सहा इंच फुकटचे. क्षेत्रफळात चूक दोन्ही बाजूंनी शिरते. १० बाय १२ची खोली १२०ऐवजी १३० चौरस फूट निघते आणि टाइल्स जास्तीच्या येतात.

गंमत म्हणजे योग्य कड नसली तरी अडत नाही. सुताचा नकाशा असेल तर साधी इंचाची टेप घ्या आणि सूत मोजा. जितकी सुतं तितके फूट. १:१०० असेल तर शाळेची फूटपट्टी पुरते, कारण एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. आणि सुताचा नकाशा १:१००च्या कडेने मोजलाच असेल, तर आलेल्या आकड्याला ०.९६ने गुणा. ३.८१ गुणिले ०.९६ म्हणजे ३.६६, झालं.

दोन पट्ट्यांची वाचायची रीतही वेगळी आहे. मीटरच्या पट्टीवर शून्यापासून पुढे सरळ वाचत जायचं. फुटाच्या स्केलपट्टीवर शून्याच्या मागे बारीक रेघांचा एक फूट असतो. १/८च्या कडेवर त्याचे सहा भाग, प्रत्येक दोन इंचांचा. पूर्ण फूट शून्याच्या एका बाजूला, वरचे इंच दुसऱ्या बाजूला. नवखा माणूस पट्टीच्या टोकापासून मोजायला लागतो आणि माप बरोबर एक फूट कमी येतं. शिवाय त्याच कडेवर उलट्या टोकाकडून १/४चे आकडे येत असतात. दोन्ही रांगा एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे आकडा वाचण्याआधी तो कुठल्या टोकाचा आहे हे पाहावं लागतं.

नकाशा कुठल्या जातीचा आहे ते तपासायला बरेच जण दार मोजतात, कारण दार तीन फुटांचं असणार हे माहीत असतं. पण दार कागदावर जेमतेम साडेनऊ मिलिमीटर. तिथे दोन प्रमाणांतला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढा. त्यापेक्षा नकाशावर लिहिलेलं सगळ्यात लांब माप शोधा. ४० फूट लिहिलं असेल तर १:१००च्या कडेवर १२.१९ मीटर यायला हवेत. १२.७० आले तर नकाशा सुताचा आहे.

कोपऱ्यातल्या प्रमाणावर मी आता एवढ्यासाठीही विसंबत नाही की झेरॉक्सवाला ‘फिट टू पेज’ करून कागद बारीक करतो. १:९६चा नकाशा ९६ टक्क्यांवर छापला गेला की तो नेमका १:१०० होतो. त्यावर ०.९६ने गुणून बसलात तर चूक उलट्या दिशेने होते, आणि कपाट भिंतीला अर्धा फूट कमी पडतं.