झेनोची शर्यत आणि उसळता चेंडू

अनंत पदांच्या भूमितीय श्रेढीची बेरीज सांत असू शकते हे दाखवणारी दोन जुनी उदाहरणे. पहिले इ.स.पू. पाचव्या शतकातील एलियाच्या झेनोचे, दुसरे पाठ्यपुस्तकांतले. दिसायला ती सारखी असली, तरी अंतराच्या आणि वेळेच्या श्रेढीचे गुणोत्तर शर्यतीत एकच असते आणि चेंडूत वेगळे. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच.

शर्यत. झेनोचा युक्तिवाद ॲरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’मधून आपल्यापर्यंत आला आहे. वेगवान अकिलीस कासवाला थोडी आघाडी देतो. कासव होते तिथे तो पोहोचेपर्यंत ते थोडे पुढे सरकलेले असते. ती नवी जागा गाठेपर्यंत आणखी थोडे. असे टप्पे कधीच संपत नाहीत, म्हणून तो कासवाला गाठूच शकत नाही, असा झेनोचा दावा.

अकिलीसचा वेग सेकंदाला १० मीटर, कासवाचा १ मीटर आणि आघाडी १०० मीटर धरू. (असले चपळ कासव कुठे मिळायचे नाही, पण आकडे सोपे होतात.) अकिलीसचे टप्पे १००, १०, १, ०.१ … मीटर असे येतात आणि त्यांना लागणारा वेळ १०, १, ०.१, ०.०१ … सेकंद. दोन्हीकडे गुणोत्तर १/१०. गुणोत्तर १ पेक्षा लहान असले की बेरीज म्हणजे पहिले पद भागिले (१ वजा गुणोत्तर). म्हणून अंतर १०० ÷ ०.९, म्हणजे सुमारे १११.१ मीटर आणि वेळ १० ÷ ०.९, म्हणजे सुमारे ११.१ सेकंद. ताळा सरळ आहे: दोघांतले अंतर सेकंदाला ९ मीटरने घटते, आणि १०० ÷ ९ म्हणजेही ११.१.

अंतरासारखाच वेळही अनंत भागांत विभागता येतो, हे ॲरिस्टॉटलचे उत्तर. पण त्या भागांची बेरीज सांत का, हे त्याने दाखवले नाही. आपल्याकडे नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावरील भाष्यात १/४ + १/१६ + १/६४ + … ची बेरीज १/३ होते, हे कारणासह मांडले आहे.

चेंडू. टेबल टेनिसच्या नियमांनुसार ३० सेंमी उंचीवरून सोडलेला चेंडू टेबलावर सुमारे २३ सेंमी उसळावा लागतो. प्रत्येक उसळीत हेच प्रमाण टिकते असे मानू. उंचीचे गुणोत्तर २३/३०, म्हणजे ०.७६७. पहिले ३० सेंमी चेंडू फक्त खाली येतो. पुढची प्रत्येक उंची तो दोनदा कापतो, वर जाताना आणि खाली येताना. उंचींची बेरीज २३ ÷ (७/३०) = ९८.६ सेंमी. दुप्पट १९७.१, त्यात ३० मिळवले की २२७.१ सेंमी. एकूण प्रवास सव्वादोन मीटरहून जरासा जास्त.

वेळेचे गणित वेगळे. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून वेळेचे गुणोत्तर ०.७६७ चे वर्गमूळ, म्हणजे ०.८७५६. पहिल्यांदा पडायला ०.२४७ सेकंद लागतात, पहिल्या उसळीला ०.४३३. उसळ्यांची बेरीज ०.४३३ ÷ ०.१२४४ = ३.४८, एकूण ३.७३ सेकंद. इथे चुकून उंचीचेच गुणोत्तर घातले, तर उत्तर २.१ सेकंद येते. बघता बघता दीड सेकंद गायब. शर्यतीत दोघांचे वेग कायम असतात, म्हणून अंतर आणि वेळ एकाच प्रमाणात घटतात. चेंडू मात्र दर उसळीला मंदावतो, म्हणून वेळ अंतरापेक्षा सावकाश घटतो.

ही तफावत फार वाढली, तर वेळ अनंतही होऊ शकतो. अशी कल्पना करा की उसळ्यांचे वेळ १, १/२, १/३, १/४ … सेकंद आहेत. मग उंची १, १/४, १/९, १/१६ … या प्रमाणात घटतील आणि एकूण अंतर जेमतेम चार मीटर भरेल. वेळेची बेरीज मात्र हवी तेवढी मोठी होत जाते. ही श्रेढी भूमितीय नाही. दर पायरीला तिचे गुणोत्तर १ च्या अधिक जवळ सरकते. अशा चेंडूसमोर झेनोचा ‘कधीच नाही’ खरा ठरला असता.

मर्यादा. खऱ्या टेबलावर अनंत उसळ्या होत नाहीत. विसाव्या उसळीची उंची हिशेबाने दीड मिलिमीटर येते आणि ती सुरू होताना फक्त ०.२८ सेकंद उरलेले असतात. लवकरच उसळीचा वेळ चेंडू टेबलाला टेकून राहतो त्या वेळेइतका छोटा होतो, आणि तिथे हे प्रतिरूप संपते. शिवाय गुणोत्तर आपटण्याच्या वेगानुसार थोडे बदलते. ते तपासायला मोजपट्टी लागत नाही. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून लागोपाठच्या दोन टकटकींमधल्या वेळेला त्याच्या आधीच्या तशा वेळेने भागले की वेळेचे गुणोत्तर मिळते. त्याचा वर्ग म्हणजे उंचीचे. भागाकार दर वेळी ०.८८ च्या आसपास राहिला, तर श्रेढी भूमितीय मानायला हरकत नाही. सतत एकाच दिशेने सरकू लागला, तर वरची बेरीज लागू पडत नाही.