१४३(१) च्या सूचनेत डिमांड आली असेल, तर उत्तर देण्यापूर्वी हे वाचावे

रिटर्न भरून काही आठवडे किंवा महिने झाले की बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून ईमेल येतो. त्यात शेवटी 'देय रक्कम' दाखवलेली असेल, तर आमचे बहुतेक पगारदार ग्राहक त्याला 'असेसमेंटची नोटीस' म्हणतात आणि आपली चौकशी लागली असे समजून घाबरतात. प्रत्यक्षात ती आयकर कायदा १९६१ च्या कलम १४३(१) खालील सूचना असते. आपण भरलेले आकडे संगणकाने विभागाकडील नोंदींशी ताडून पाहिले आणि त्यातून जे निघाले ते कळवले, एवढाच तिचा अर्थ. तपासणीची नोटीस कलम १४३(२) खाली येते आणि ती वेगळी असते. तरीही ही सूचना बाजूला ठेवून देता येत नाही, कारण तिच्यातील मागणी भरण्यास ३० दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर कलम २२०(२) प्रमाणे दरमहा किंवा महिन्याच्या भागासाठी एक टक्का व्याज चालू होते.

सोबतची पीडीएफ उघडण्यासाठी पॅन लहान लिपीतील अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, दोन्ही मध्ये जागा न सोडता टाकावी, उदाहरणार्थ `abcde1234f01011980`. आत प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात, एक आपण रिटर्नमध्ये दिलेला आणि शेजारी विभागाने काढलेला. शेवटची रक्कम पाहण्याआधी वरून खाली येत हे दोन आकडे जिथे पहिल्यांदा वेगळे होतात, ती ओळ शोधावी. पुढचे सगळे फरक बहुधा त्या एका ओळीतूनच आलेले असतात. ती ओळ उत्पन्नाची आहे, वजावटीची आहे, सवलतीची आहे की टीडीएसची, यावर उत्तर काय द्यायचे हे ठरते.

आता ज्या चुकीमुळे आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ जातो, तिच्याविषयी. पोर्टलवर 'Pending Actions' मध्ये 'Response to Outstanding Demand' उघडले की 'Demand is correct' आणि 'Disagree with demand' असे पर्याय दिसतात. रक्कम लहान आहे, कटकट नको, म्हणून अनेक जण मोबाईलवरच पहिला पर्याय निवडतात आणि मग आमच्याकडे येतात. 'Demand is correct' असे एकदा कळवले की त्याच मागणीला नंतर असहमती नोंदवू देत नाही, हे पोर्टल त्याच पानावर सांगते. बरोबर असलेला परतावा पुढच्या वर्षी मिळणार असेल, तर ही मान्य केलेली रक्कम त्यातून वळती होते. म्हणून आमची विनंती अशी की, ती ओळ सापडेपर्यंत कोणताही पर्याय निवडू नये.

याच्या उलट चूकही होते. 'Disagree with demand' निवडून कारण लिहिले की काम झाले, असे काहींना वाटते. असहमती म्हणजे फक्त आपली बाजू नोंदवणे होय. मागणीचा आकडा बदलतो तो दुरुस्तीचा आदेश निघाल्यावर किंवा सुधारित रिटर्नवर प्रक्रिया झाल्यावर. मूळ दुरुस्ती केली नाही, तर असहमती नोंदवूनही ती रक्कम पोर्टलवर तशीच उभी राहते.

थकीत वेतनाचे उदाहरण घेऊ, कारण शाळांतील आणि सरकारी कार्यालयांतील ग्राहकांकडून ते वारंवार येते. समजा, एका शिक्षिकेला २०२४-२५ मध्ये २०१६-१७ या वर्षाच्या वेतनफरकाचे ६०,००० रुपये मिळाले आणि जुन्या करप्रणालीनुसार त्यांचे करपात्र उत्पन्न फरकासह ८,८०,००० रुपये झाले. उपकरासह कर ९२,०४० रुपये होतो. फरकाची रक्कम आता २० टक्क्यांच्या टप्प्यात पडल्याने तिच्यावर १२,४८० रुपये कर बसतो. हीच रक्कम २०१६-१७ च्या ३,६०,००० उत्पन्नात मिळवली असती, तर त्या वर्षीच्या दराने वाढीव कर ६,१८० रुपये झाला असता. या दोहोंतील ६,३०० रुपयांचा फरक ही कलम ८९ ची सवलत. बाईंनी ही सवलत मागण्याचा फॉर्म १०ई कार्यालयात कागदावर भरून दिला, कार्यालयाने सवलत धरून ८५,७४० रुपयेच कापले, फॉर्म १६ वरही ते आले आणि रिटर्नमध्येही तेच भरले. पोर्टलवर फॉर्म १०ई मात्र कोणीच भरला नाही. त्यामुळे विभागाने सवलतीच्या ओळीत शून्य धरले आणि ६,३०० रुपयांची डिमांड काढली. कमी पडलेली रक्कम दहा हजारांच्या आत असल्याने आगाऊ कराचे व्याज लागले नाही, पण ३० दिवसांनंतर दरमहा ६३ रुपये लागले असते.

इथे बाईंची सवलत खरी आहे, त्यामुळे 'Demand is correct' म्हणणे म्हणजे हक्काचे पैसे सोडणे. सूचना नोव्हेंबर २०२५ मध्ये आली असती, तर सुधारित रिटर्नची ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत शिल्लक होती. तेव्हा आधी त्याच करनिर्धारण वर्षासाठी फॉर्म १०ई भरायचा, मग सुधारित रिटर्न भरून ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची आणि त्यानंतरच असहमती नोंदवून कारणात सुधारित रिटर्नचा उल्लेख करायचा. मुदत संपल्यावर सूचना मिळाली असेल, तर फॉर्म भरून कलम १५४ खाली दुरुस्ती अर्ज करता येतो. त्यासाठी सूचनेच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षे मिळतात. मात्र उशिरा भरलेला फॉर्म पहिल्याच फेरीत मान्य होईल, अशी खात्री आम्ही कोणालाही देत नाही. अर्ज फेटाळला गेला, तर पुढे निर्धारण अधिकारी किंवा अपील हे मार्ग राहतात.

टीडीएसच्या ओळीत फरक असेल, तर प्रश्न मालकाच्या बाजूचा असतो. कापलेला कर फॉर्म २६एएसमध्ये दिसत नसेल, तर दुरुस्ती अर्जाआधी मालकाला टीडीएसचे विवरणपत्र दुरुस्त करायला लावावे लागते. मालकाने कर कापला पण सरकारात भरलाच नाही, तरी कलम २०५ प्रमाणे तो कर पुन्हा आपल्याकडून वसूल करता येत नाही. अशा वेळी पगाराच्या सर्व पावत्या आणि बँकेचे विवरण जपून ठेवावे.

सर्वच मागण्या चुकीच्या नसतात. वर्षात नोकरी बदलली आणि दोन्ही मालकांनी प्रमाणित वजावट आणि करमुक्त मर्यादा प्रत्येकी पूर्ण धरली, तर कर खरोखरच कमी कापला जातो. तिथे आम्ही आधी रक्कम भरायलाच सांगतो. भरताना 'Demand payment as Regular Assessment Tax (400)' हाच प्रकार निवडावा. स्वयंनिर्धारण कराच्या ३०० या प्रकारात भरलेली रक्कम या मागणीला जुळत नाही.

आम्ही फोनवर लगेच उत्तर का देत नाही, असे अनेकदा विचारले जाते. संदेशाचा किंवा शेवटच्या रकमेचा फोटो पाहून सांगितलेले उत्तर अंदाजाचे असते आणि वर म्हटल्याप्रमाणे पोर्टलवरील एक उत्तर मागे घेता येत नाही. त्यामुळे संपूर्ण पीडीएफ, सर्व मालकांचे फॉर्म १६ आणि भरलेल्या रिटर्नची प्रत मिळाल्यावर आम्ही दोन कामकाजाच्या दिवसांत फरकाची ओळ आणि पुढचा मार्ग लेखी कळवतो. रिटर्न आम्ही भरले असेल आणि चूक आमची असेल, तर दुरुस्तीचे शुल्क घेत नाही. अन्यत्र भरलेल्या रिटर्नसाठी शुल्क ओळ सापडल्यावर, काम सुरू करण्यापूर्वी सांगतो. थकीत वेतन मिळणार असल्याचे मार्चपूर्वी कळवल्यास फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी आम्हीच पोर्टलवर भरून देतो.